ब्योमकेश, करमचंद आणि मावशीचं पत्र

आज मावशीने पत्र पाठवलं. देवगडला आमच्याकडे जे मासिक येतं त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं पान असतं, कोणीतरी विचारलं होतं की दूरदर्शनवरच्या 'ब्योमकेश बक्शी'मध्ये मुख्य भूमिका कोणाची होती, आणि खाली उत्तर छापलंय, पंकज कपूर. मावशीने ते वाचलं आणि चष्मा काढूनच बसली. "तो पंकज कपूर न्हय रे, तो दुसरो कपूर. रजित कपूर. ह्येंका कोणीतरी सांगूक व्हया." मग दुपारभर आम्ही दोघं तेच करत होतो.

खरं सांगायचं तर ही चूक लहान नाहीये. ज्या माणसाने ते काम इतकं मन लावून केलं, त्याचं नाव तिथून पुसून दुसऱ्याचं टाकायचं म्हणजे काय! आणि छापलेलं उत्तर लोक खरं धरतात, कापून ठेवतात, पुढच्या क्विझमध्ये तेच विचारतात.

पण उत्तर देणाऱ्याचा गोंधळ कसा झाला असेल ते मला समजतं. 1985 मध्ये दूरदर्शनवर 'करमचंद' आली, तो पण डिटेक्टिव्हच, आणि त्यात पंकज कपूरच होते, ते गाजर खाणारे, गॉगल लावणारे, आणि बरोबर त्यांची सहायक किटी म्हणजे सुष्मिता मुखर्जी. ब्योमकेश 1993 मध्ये आली. म्हणजे आठ वर्षांच्या अंतराने दोन डिटेक्टिव्ह, दोन्ही दूरदर्शनवर, दोन्ही कपूर. आता पुढची गोष्ट बघा, ब्योमकेशचे दिग्दर्शक बासू चॅटर्जी, आणि त्यांच्याच 'एक रुका हुआ फैसला'मध्ये, 1986 च्या, पंकज कपूर होते, आणि त्याच सिनेमात के. के. रैनाही होते, जे पुढे ब्योमकेशमध्ये त्याचा मित्र अजित झाले. म्हणजे ज्याने आठवणीवर भरवसा ठेवून उत्तर लिहिलं त्याच्या डोक्यात बासू चॅटर्जी, रैना आणि पंकज कपूर हे तिघं आधीच एकत्र बसलेले, वर डिटेक्टिव्ह म्हटलं की करमचंद आठवणार. असं होतंच.

पण चूक ती चूक. मावशीचं म्हणणं की दोघांचा अभिनय आठवला असता तर ही गल्लत झालीच नसती, आणि मला ते पूर्ण पटतं. करमचंदला हुशारी दाखवायची होती आणि पंकज कपूरनी ती मजा घेत दाखवली, गाजर कुरकुरत, किटीला गप्प करत. रजित कपूरचा ब्योमकेश धोतर-कुर्त्यात शांत बसतो, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकतो, आणि बघणाऱ्यालाच वाटतं की याला आत्ता काहीतरी समजलं. तो स्वतःला डिटेक्टिव्हसुद्धा म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणतो, शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या मूळ बंगाली कथांमध्येही तसंच आहे. पहिल्याच गोष्टीत तो अतुल या खोट्या नावाने एका मेसमध्ये राहायला येतो, अजित तिथेच राहत असतो, आणि आपला रूम पार्टनर कोण आहे हे त्याला शेवटीच कळतं. हे काम असं उगाच न दाखवता करणं सोपं नाही, मला तर गाजर-गॉगलपेक्षा हे अवघड वाटतं, पंकज कपूरना कमी लेखत नाही हां, ते मोठेच नट आहेत, पण ही भूमिका त्यांची नव्हती.

आणि आपल्या मराठी वाचकांसाठी तर सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे सत्यवती. ब्योमकेशची बायको सत्यवती झाली होती आपली सुकन्या कुलकर्णी. मावशीला त्या मालिकेतलं तेच जास्त आठवतं, खुनाच्या केसमध्ये भावावर आळ आलेली ती मुलगी आणि मग पुढे दोघांचं लग्न. तिच्याबरोबर कोण होतं हे डोळ्यासमोर आणलं की गाजरवाला येतच नाही.

पत्र लिहायला बसलो तेव्हा मावशी आधी दोन पानं मूळ कथा सांगायला निघाली होती. मी म्हटलं मावशी, संपादकाला वेळ नसतो, वरच्या चार ओळीत त्याला काय बदलायचं ते दिसलं पाहिजे. कोणता अंक, कोणतं पान, काय छापलं, काय हवं, आणि कुठे बघून खात्री करायची. खात्रीसाठी 'मला आठवतं' चालत नाही, त्यांनाही आठवतच होतं ना. म्हणून आधी आम्ही भागाच्या सुरुवातीची नावं परत लावून बघितली आणि मगच पुढे गेलो.

आणि एक मोठा खड्डा होता, तो मावशीनेच दाखवला. रजत कपूर नावाचे आणखी एक नट आहेत. 'मान्सून वेडिंग', 'दिल चाहता है', हिंदी 'दृश्यम'मध्ये तब्बूचा नवरा, ते रजत. आणि 'राझी'मध्ये आलियाचे वडील, ते रजित. एका वेलांटीचा फरक. आम्ही बरोबर लिहून पाठवायचं आणि छापताना वेलांटी गळून रजत झालं की चुकीच्या जागी दुसरी चूक, आणि ती तर पहिल्यापेक्षा वाईट कारण ती दुरुस्ती म्हणून छापली जाणार, कोणी शंकाही घेणार नाही. फोनवर टाइप करताना सजेशनमध्येही मला रजतच आधी दिसत होतं. म्हणून नाव एकदाच न लिहिता त्याची ओळख दिली, 'द मेकिंग ऑफ द महात्मा'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले रजित, म्हणजे छापणाऱ्याला शंका आली तर तो ते ताडून बघेल.

शेवटी पत्र असं झालं:

"सा. न. मागच्या अंकात वाचकांच्या प्रश्नांच्या पानावर 'ब्योमकेश बक्शी' मालिकेतील मुख्य अभिनेता पंकज कपूर असं छापलं आहे. ते रजित कपूर आहेत. पंकज कपूर 'करमचंद'मध्ये होते. मालिकेच्या सुरुवातीच्या नामावलीत हे दिसेल. कृपया नाव 'रजित' असंच छापावं, ज ला पहिली वेलांटी, कारण रजत कपूर हे वेगळे अभिनेते आहेत. 'द मेकिंग ऑफ द महात्मा'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले ते रजित. दुरुस्ती त्याच पानावर द्यावी ही विनंती, म्हणजे ज्यांनी ते उत्तर वाचलं त्यांच्यापर्यंत पोचेल."

शेवटचं वाक्य मावशीचं. मी ते काढायला सांगत होतो, मासिकवाल्यांना कुठे काय छापायचं ते आपण कोण सांगणार, तर ती म्हणाली, "पत्रव्यवहारात कोपऱ्यात टाकलानी तर तो प्रश्न विचारणारो ता वाचतलो काय?" बरोबर आहे तिचं. ज्याने विचारलं त्याला उत्तर मिळायला हवं, म्हणून ठेवलं.

संध्याकाळी ईमेल केला, आणि मावशीने हट्टाने एक प्रत हाताने लिहून पोस्टातही टाकली, ज वरची वेलांटी दोनदा गिरवून.