एकाच ओळीवर दोन उलट कमेंट

आज डोक्यात घोळतंय ते एकाच पुल रिक्वेस्टबद्दल. ग्राहकाचे पैसे कापणाऱ्या कॉलला टाइमआउट आला तर काय करायचं? एक रिव्ह्यूअर म्हणतो, तीनदा रिट्राय टाका. दुसरा त्याच ओळीवर म्हणतो, रिट्राय काढून टाका, आणि वर `Request changes` देतो. रिव्ह्यू सक्तीचा असलेल्या ब्रँचवर त्याने स्वतः अप्रूव्ह करेपर्यंत, किंवा अधिकार असलेल्या कुणी तो रिव्ह्यू डिसमिस करेपर्यंत, मर्ज अडतो.

अशा वेळी लगेच एकाच्या मनासारखा कमिट पुश करणं महागात पडतं. दुसऱ्याची हरकत तशीच राहते. नव्या कमिटवर जुनी अप्रूव्हल रद्द करायची सेटिंग चालू असेल, तर मिळालेलं अप्रूव्हलही जातं. बाकीच्या कमेंट निस्तराव्यात, ती ओळ मात्र तशीच ठेवावी.

दोघांना एकच प्रश्न विचारावा: तुमचं ऐकलं नाही, तर नेमकं काय बिघडेल? पहिला सांगेल, नेटवर्क क्षणभर तुटलं तरी ऑर्डर वाया जाते. दुसरा सांगेल, टाइमआउट म्हणजे काम झालं नाही असं नव्हे; सर्व्हरने पैसे कापले असतील आणि फक्त उत्तर हरवलं असेल. तोच POST पुन्हा गेला की पैसे दोनदा कापले जातात. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि एकमेकींच्या आड येत नाहीत. भांडण फक्त उपायांचं आहे.

पेमेंट सेवा `Idempotency-Key` मानत असेल, तर दोघांचंही समाधान होतं. पहिल्या कॉलला आणि प्रत्येक रिट्रायला एकच की जाते, सर्व्हर ती ओळखतो आणि पुन्हा पैसे न कापता आधीचंच उत्तर देतो. हमखास चूक म्हणजे `Idempotency-Key` रिट्रायच्या लूपच्या आत तयार करणं. मग प्रत्येक प्रयत्न सर्व्हरला नवा वाटतो. कॉल करण्याआधीच ती ऑर्डरसोबत साठवावी, म्हणजे मधेच प्रोसेस बंद पडली तरी हाती राहते. सेवेत ही सोयच नसेल, तर माझ्या मते दुसऱ्याचं ऐकावं: रिट्राय नको, ऑर्डर अनिश्चित म्हणून नोंदवा आणि नंतर सेवेकडे तिची स्थिती विचारा. अडकलेली ऑर्डर सोडवता येते. दोनदा कापलेले पैसे म्हणजे ग्राहकाचा विश्वास गेला.

पटवायला टेस्ट लिहावी. खोटा सर्व्हर पहिल्या कॉलला पैसे कापल्याची नोंद करतो, पण उत्तर देत नाही. रिट्रायनंतर नोंद एकच असली पाहिजे. `Idempotency-Key` तयार करणं लूपमध्ये हलवून टेस्ट लाल होते का, तेही पाहावं. नाही झाली, तर ती काहीच तपासत नाही.

मग दोघांना टॅग करून एकाच थ्रेडमध्ये दोन्ही भीती, निवडलेला मार्ग आणि टेस्टचं नाव लिहावं. दुसऱ्या थ्रेडमध्ये त्याची लिंक द्यावी. थ्रेड स्वतः रिझॉल्व्ह करू नयेत, ते ज्याच्या त्याच्यावर सोडावं. रिट्रायच्या ओळीवर कोडमध्येही कारण लिहावं, कारण पुढे ती ओळ बदलणारा हा थ्रेड उघडेलच असं नाही.