व्होल्ट पुरे होते, तरी दिवा विझायचा

आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या पुढच्या वाटेवर आधीच्या भाडेकरूंनी मागे ठेवलेले सहा सोलर दिवे होते. पाच लागायचे, फाटकाजवळचा एक मेलेला. इथे उत्तरेत सप्टेंबर सरला की संध्याकाळ भराभर अलीकडे येते आणि नोव्हेंबरात तर कामावरून परत येईपर्यंत मिट्ट काळोख झालेला असतो. फाटकाजवळच्या पायरीवर उजेड हवाच होता. म्हणून दिवा टाकून देण्याआधी एका रविवारी तो उघडून बसले.

आत फारसं काही नसतं. वरच्या टोपणात तळहाताच्या निम्म्याएवढं पॅनेल, खाली एक पेन्सिल सेलसारखी बॅटरी, नखाएवढी सर्किटची पट्टी आणि एलईडी. बॅटरी 1.2 व्होल्टची, पांढऱ्या एलईडीला मात्र साधारण 3 व्होल्ट लागतात. तो व्होल्टेज चढवून देण्याचं काम पट्टीवरची चार पायांची चिप आणि तिच्या शेजारची तारेची छोटी गुंडाळी करतात.

सुरुवात बॅटरीपासून केली, कारण ती तपासायला मिनिटही लागत नाही. मल्टिमीटरवर 0.3 व्होल्ट दिसले. 0.9च्या खाली फार दिवस पडून राहिलेली अशी बॅटरी सहसा पुन्हा धड चार्ज धरत नाही. टोकांवर पांढरी भुकटी जमली होती. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून ती पुसली, मग ओल्या फडक्याने व्हिनेगर पुसून कोरडं केलं. तिथे स्प्रिंगचा धातू पुन्हा चमकेपर्यंत घासणं महत्त्वाचं आहे. नुसती भुकटी झटकली तर खालचा गंज संपर्क होऊच देत नाही.

नवी बॅटरी घेताना ती निकेल मेटल हायड्राइडची, म्हणजे चार्ज होणारीच घ्यावी. घड्याळात घालतो तो साधा सेल मिनिटभर तपासणीसाठी चालतो, पण आत राहू दिला तर पॅनेल त्याला चार्ज करू बघतं आणि तो फुटून गळतो. नवी बॅटरी घातली, पॅनेलवर हात झाकला आणि दिवा लागला. त्या एका कृतीने बरंच कळतं: चिप, गुंडाळी, एलईडी, स्विच सगळं शाबूत आहे आणि अंधार ओळखण्याची सोयही चालते आहे.

चौथ्या रात्री दिवा पुन्हा विझलेला.

बॅटरी काढून मोजली तर परत 0.9 व्होल्ट. नवी बॅटरी दुकानातून येताना थोडी चार्ज असते, त्यावर तीन रात्री निघाल्या होत्या. दिवसा भरपाई होतच नव्हती. म्हणून पॅनेल उन्हात धरून त्याच्या दोन तारांवर मल्टिमीटर लावला. 2.1 व्होल्ट! चांगलं पॅनेलही एवढेच देतं. इथे माझा अख्खा दिवस गेला, कारण पॅनेल निर्दोष आहे असं मी धरून चालले आणि पट्टीवरचे डाग पुन्हा सोल्डर करत बसले.

खरी गोम अशी की पॅनेलवर काहीही जोडलेलं नसताना थोड्याशा उजेडातही व्होल्टेज जवळजवळ पूर्ण चढतो. बंद नळामागे दाब पुरेपूर असावा आणि नळ उघडल्यावर करंगळीएवढी धारही येऊ नये, तसं. बॅटरी भरते ती धारेने, म्हणजे करंटने. तो मोजायचा तर आधी बॅटरी काढायची, मल्टिमीटर 200 मिलिअँपच्या खुणेवर आणायचा आणि दोन्ही टोकं थेट पॅनेलच्या तारांवर लावायची. एवढ्या लहान पॅनेलला त्याने काही इजा होत नाही. पण मापाला अर्थ यायला हवा असेल तर शेजारचा चालू दिवाही त्याच उन्हात, त्याच कोनात धरून मोजावा. माझ्या चालू दिव्याचं पॅनेल 38 मिलिअँप देत होतं. मेलेल्याचं, 4.

मग डोळे जवळ नेऊन पाहिलं. पॅनेलवर पारदर्शक एपॉक्सीचा थर असतो. चालू दिव्यात त्याखालच्या निळसर पट्ट्या आणि त्यांच्यावरच्या बारीक चंदेरी रेघा स्पष्ट दिसत होत्या. मेलेल्यात त्या जागी दुधाळ पिवळट साय होती, रेघा मोजताही येईनात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने तो थर असा होतो आणि ऊन आत पोचण्याआधीच अडतं. साबणाच्या पाण्याने काहीच फरक पडला नाही.

800 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल गोल फिरवला. पाणी पिवळसर दुधासारखं निघायला लागलं की समजायचं, खराब थर सुटतोय. मग 1500, मग 2000. कडांशी जोर देऊ नये, तिथे थर पातळ असतो आणि खालच्या पट्टीला पेपर लागला तर पॅनेल कायमचं गेलं. शेवटी पुसून, पूर्ण वाळवून उन्हात टिकणाऱ्या पारदर्शक वॉर्निशचा एक पातळ हात दिला. हा हात टाळला तर घासलेला पृष्ठभाग धुरकट राहतो आणि पुन्हा लवकर पिवळा पडतो.

पुन्हा मोजलं: 29 मिलिअँप. हे पुरेल का, याचा हिशोब सोपा आहे. दिवा पेटलेला असताना बॅटरीतून 12 मिलिअँप खेचतो, हे मी मोजलं होतं. चांगलं ऊन पाच तास मिळालं तर 145 मिलिअँप-अवर आत जातात. चार्ज होताना काही वाया जातं, म्हणून त्यातले शंभर हाताशी धरावेत. म्हणजे आठ तास उजेड. त्या रात्री दिवा मध्यरात्रीनंतरही जळत होता.

सेन्सरचं प्रकरण शेजारच्या आजोबांच्या दिव्याने शिकवलं. त्यांचा दिवा भर दुपारीही जळत राहिला आणि बॅटरी संपल्यावर रात्री विझलेला. ‘सेन्सर बिघडला’ म्हणून त्यांनी तो माझ्याकडे आणून दिला. पण अशा बहुतेक छोट्या दिव्यांत वेगळा सेन्सर नसतोच, पॅनेलच सेन्सर असतं. पॅनेलकडून येणारा व्होल्टेज पडला की चिप समजते, रात्र झाली. त्यामुळे पॅनेलची तार तुटली तर दिव्याला कायमचीच रात्र. आजोबांच्या दिव्यात लाल तार हिरवी पडून मुळाशी सुटली होती. ती सोलून पुन्हा सोल्डर केली, काम झालं.

वेगळा सेन्सर असेल तर तो पॅनेलच्या बाजूला वाटाण्याएवढ्या गोल चकतीसारखा दिसतो, आत नागमोडी रेघ. त्याचा एक पाय सोडवून रोध मोजायचा: उजेडात काही हजार ओहम किंवा त्याहून कमी, बोटाने झाकला की काही लाखांवर. झाकला, उघडला तरी आकडा हलत नसेल तरच तो बदलायचा. आणि दिवा रस्त्याच्या दिव्याखाली तर नाही ना, हे आधी बघायचं, कारण तिथे चांगला सेन्सरही दिवा लागू देत नाही.

डिसेंबरात पॅनेल पुन्हा मोजलं. दुपारी बारालाही ऊन इतकं तिरकं आणि मवाळ होतं की 5 मिलिअँपच मिळाले, चालू दिव्यालाही 7च. चार तासांच्या त्या उन्हावर दिवा जेमतेम तासभर चालतो. म्हणून सहाही दिव्यांच्या बॅटऱ्या काढून चार्जरवर भरून ठेवल्या आहेत, आणि पायरीवर तोवर विजेचा दिवा लावला आहे.