ती दुचाकी, ते चाक

कोल्हापुरात मिरजकर तिकटीवरून महाद्वार रोडकडे निघालं की 'येथे दुचाकी लावू नये' अशी पाटी कुठे ना कुठे दिसतेच, आणि तिच्या खाली दुचाक्या लावलेल्याही दिसतात. दुपारच्या उन्हात ती पाटी नीट वाचली तर जाणवतं, की या शब्दात गाडी कुठेच नाही. 'दु' आहे, 'चाक' आहे, शेवटी एक 'ई' आहे. मनाई मात्र चाकाला नाही, गाडीला आहे.

पुरावा लिंगात सापडतो. चाक ते, पण दुचाकी ती. 'दुचाकी वाहन' म्हटलं की ते. म्हणजे हे लिंग चाकाचं नव्हे, न उच्चारलेल्या गाडीचं. तिपाईचंही तसंच. पाय तो, तिपाई ती. उलट पोळपाट घ्या. पोळी ती, पाट तो, म्हणून पोळपाटही तो. देव तो, घर ते, म्हणून देवघर ते. इथे शेवटचा शब्दच मालक असतो. पोळपाट हा पाटच, देवघर हे घरच. असा मालक समासाच्या आतच असला की भाषाशास्त्रज्ञ त्याला अंतःकेंद्री म्हणतात, बाहेर असला की बहिःकेंद्री. पाणिनीने दुसऱ्या प्रकारासाठी 'अन्यपदार्थ' हा शब्द आधीच वापरून ठेवला होता. दोन पदं मिळून तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतात, तो बहुव्रीहि. हे नावसुद्धा बहुव्रीहिच आहे. पुष्कळ भात ज्याच्याकडे आहे तो, म्हणजे भात नव्हे, आजऱ्याकडचा एखादा घनसाळ पिकवणारा.

ही लिंगाची परीक्षा सगळीकडे चालत नाही. नळी ती आणि दुनळीही ती, मग लिंग नळीचं की बंदुकीचं, काय सांगणार? पीतांबराची तर आणखी पंचाईत. संस्कृतात पिवळं वस्त्र नपुंसकलिंगी आणि ते नेसणारा विष्णू पुल्लिंगी, त्यामुळे गोंधळ होत नाही. मराठीत नेसायचा पितांबरही तोच आणि देवही तोच. तिथे वाक्यच निवाडा करतं.

इंग्रजीला लिंगाची ही सोय नाही. ब्लॅकबोर्ड हा बोर्डच. पुढे हिरवे फळे आले तरी अनेकांच्या तोंडी तो ब्लॅकबोर्डच राहिला. पहिलं पद खोटं ठरलं तरी चालतं, कारण वस्तू कोणती हे दुसरं पद सांगतं. रेडहेड हे मात्र डोकं नव्हे, तांबूस केसांचा माणूस. कानाला फरक कळत नाही, कारण आघात दोन्हींत पहिल्या पदावरच आहे. मराठी निदान शेपूट तरी जोडते. लालबुड्या बुलबुलाच्या त्या 'या'वरून लगेच कळतं, की बोलणं बुडाबद्दल नाही, पक्ष्याबद्दल आहे. इंग्रजीत क्वचित अनेकवचनात चोरी पकडली जाते. टूथचं अनेकवचन टीथ, पण सुळेवाल्या लुप्त प्राण्याला सेबरटूथ म्हणतात आणि त्याचं अनेकवचन सेबरटूथ्स होतं. टूथ तिथे मालक नाही, म्हणून त्याची सवयही पुढे चालत नाही.

तांबडा रस्सा या वादात ओढू नये, हे जाता जाता. 'तांबड्या रश्श्यात' म्हणताना तांबडा बदलतो, म्हणजे ते दोन सुटे शब्द आहेत, समास नाही. पांढरपेशात 'पांढरा'चा शेवटचा काना गळून 'पांढर' उरतं, ते पुढे हलत नाही. तो समास, आणि तो पेशाचा नव्हे, माणसाचा.

वैदिक भाषेत हाच फरक कानाला कळायचा. देवघरासारख्या तत्पुरुषात उदात्त, म्हणजे चढा स्वर, सर्वसाधारणपणे शेवटच्या अक्षरावर येई. बहुव्रीहित पहिलं पद आपला मूळचा स्वर राखून ठेवी. त्वष्टा या देवाच्या मुलाला इंद्राने मारलं, म्हणून त्वष्ट्याने सोम अग्नीत ओतला आणि म्हटलं, 'इन्द्रशत्रु, वाढ.' शत्रू म्हणजे इथे ठार मारणारा. त्याला हवा होता इंद्राला मारणारा, म्हणजे तत्पुरुष, आणि उदात्त शेवटच्या 'त्रु'वर हवा होता. तोंडून तो पडला पहिल्या 'इ'वर. झाला बहुव्रीहि, इंद्र ज्याला मारणारा आहे असा. पाणिनीय शिक्षेत स्वर चुकल्याचा दाखला म्हणून हाच दिलेला आहे. शाळेत समासाचे विग्रह फळ्यावर लिहून घेतात, स्वर म्हणून दाखवत नाहीत. मग दोन अर्थ एकाच अक्षरांत कसे मावतात, हे मुलांना कळावं तरी कसं?

अग्नीतून वृत्र निघाला, वाढतच गेला, आणि इंद्राने त्याला मारलं. मंत्र फसला नव्हता. म्हटलं तसंच झालं.