तिकीट मडगावचं, उतरायचं कुडाळला

आमच्या लग्नाचा वाढदिवस मार्गशीर्षाच्या सुमारास येतो, आणि तेव्हाच सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू झालेल्या असतात. बायकोला समुद्रात उड्या मारण्यात रस नाही. नाटक मात्र ती कुठल्याही खुर्चीत बसून पाहते. म्हणून बेत ठरला दशावताराचा, तोही तिला न सांगता.

अडचण तारखेची. आपला वाढदिवस कॅलेंडरवर, जत्रा तिथीवर. दरवर्षी जुळतीलच असं नाही. त्यामुळे आधी कुडाळजवळच्या घरगुती मुक्कामाच्या काकांना फोन करून जत्रेची तारीख विचारली, मग तिकीट काढलं. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे घाई करावीच लागते. काकांनी विचारलं, "वहिनींका मासे चालतत मां?" चालतात, पण सोमवार-गुरुवार नाही. नेमका पहिला दिवस गुरुवारचा, म्हणून त्या दिवसापुरते घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ ठरली.

लपवाछपवीत खरी मदत रेल्वेनं केली. कोकणकन्या रात्री सुटते आणि तिच्या पाटीवर मडगाव असतं. तिकीटही मडगावपर्यंतचंच काढलं, थोडे पैसे जास्त गेले. पण त्यामुळे मोबाईलवरच्या संदेशात कुडाळ नाही, टीसीच्या तोंडीही नाही. बायको गोव्याच्या हिशेबानं सुती कपडे भरत राहिली. जत्रेत मात्र खेळ मध्यरात्रीच्या आसपास उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. देवळासमोर उघड्यावर, जमिनीवर बसायचं, वर डिसेंबरचं दव. गोव्याला शाल कशाला, हा प्रश्न आलाच असता, म्हणून शाली माझ्या बॅगेत तळाशी.

तिला काय आवडेल याची मला खात्री होती. आधी गणपती आणि संकासुराचा पूर्वरंग, मग आख्यान. लिहिलेली संहिता नाही. कथा ठरलेली, संवाद नट रंगमंचावरच रचतात. नायिकाही पुरुषच. एखादा राजा दुसऱ्याला बोलण्यात कोंडीत पकडतो, तेव्हा समोरचा काय उत्तर देतो ते कुणालाच माहीत नसतं. छापील नाटकं पाठ असलेल्या माणसाला याहून वेगळं काय द्यायचं?

गुपित कुठवर ताणायचं हेही आधीच ठरवावं लागतं. कुडाळला गाडी जेमतेम थांबते. तोपर्यंत गप्प बसलो, तर ती दात घासत असेल आणि सामान सीटखाली. म्हणून कणकवली सोडली की सांगायचं ठरवलं होतं, आणि तिथेच सांगितलं. सिंधुदुर्ग स्टेशन येईपर्यंत तिनं बॅगा दाराशी नेल्यासुद्धा.

मी शाल काढून दाखवली. शालीखाली तिची इरकल साडी होती, मॅचिंग ब्लाउजसकट. तिनं ब्लाउज उलटसुलट करून पाहिला.

"हे तुला सुचणं शक्य नाही," ती म्हणाली. "ताईला कधीपासून माहीत आहे?"