आमची वाटचाल: रजिस्टरातले दुपारचे दोन

नाशिकला मुंबई नाक्याजवळ आमचं चार माणसांचं ऑफिस आहे. आधी आम्ही फक्त हॉस्पिटलांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळायचो. त्यातल्या एका 60 खाटांच्या हॉस्पिटलच्या मेट्रन मॅडमनी एकदा विचारलं, "रात्री बाराच्या मोजणीत सात-आठ खाटा रिकाम्या दिसतात. मग रोज संध्याकाळी सहाला पेशंट स्ट्रेचरवर का थांबतो?" त्या एका प्रश्नाने आमचं काम बदललं.

पेशंटची नावं वगळून आम्ही तीन महिन्यांची वॉर्ड रजिस्टरं उतरवली. पहिला अंदाज साफ चुकला. बरेचसे डिस्चार्ज दुपारी 2 ला झालेले दिसत, म्हणून आम्ही संध्याकाळी खाटा मोकळ्या धरल्या. प्रत्यक्षात त्यांवर माणसं होती. वेळांचा आलेख काढल्यावर कारण कळलं. बरोबर 2 आणि बरोबर 8 वर नोंदींचे ढीग होते. सिस्टरांची ड्यूटी तेव्हा बदलते आणि चार्ज देताना राहिलेल्या वेळा एकदम भरल्या जातात. दोष त्यांचा नाही, दिवसभर त्यांना बसायलाही मिळत नाही.

मग आम्ही खाटेच्या तीन वेळा वेगळ्या केल्या: डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला, पेशंट निघाला, आणि चादर बदलून खाट तयार झाली. तिसरी वेळ वॉर्डातल्या मावशी हातासरशी फळ्यावर लिहू लागल्या. आमच्याकडची सगळ्यात खरी नोंद तीच आहे.

त्यातून रोख आणि कॅशलेस पेशंटमधला फरक उघडा पडला. सकाळी डिस्चार्ज लिहिलेल्या दहा रोख पेशंटांपैकी नऊ संध्याकाळी सहापर्यंत घरी जात, कॅशलेसमधले जेमतेम चार. विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी असा विमा नियामक आयआरडीएआयचा 2024 चा नियम आहे, पण ते तास विनंती पोचल्यावर सुरू होतात. फाईलच दुपारी तीनला गेली तर सहा वाजणारच.

एका सोमवारचा हिशोब सांगतो. दुपारी 12 ला 54 खाटा भरलेल्या, डिस्चार्ज लिहिलेले 14, त्यांत 5 रोख आणि 9 कॅशलेस. सहापर्यंत जाणारे साधारण 8, म्हणजे उरले 46. ठरलेल्या भरती 7, इमर्जन्सी सरासरी 6, मिळून 59. साफसफाईत अडकणाऱ्या 2 खाटा धरल्या की 61. म्हणजे एक पेशंट स्ट्रेचरवर. उरलेले सहा जण रात्री दहापर्यंत गेले, की बाराच्या मोजणीत पुन्हा सात-आठ खाटा रिकाम्या. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं.

आता दुपारी साडेबाराला संध्याकाळच्या खाटांचा हा अंदाज मॅडमकडे पुरुष वॉर्ड, स्त्री वॉर्ड आणि आयसीयू असा वेगवेगळा जातो, कारण स्त्री वॉर्डातली रिकामी खाट पुरुष पेशंटच्या कामाची नाही. हायवेवर मोठा अपघात झाला तर आमचा अंदाज कोलमडतो, आणि पावसाळ्यानंतर डेंग्यू वाढला की इमर्जन्सीची सरासरी दर आठवड्याला बदलावी लागते. ते आम्ही मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या सोमवारनंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या: कॅशलेसच्या फायली राउंड संपायची वाट न पाहता एकेक करून पाठवायला लावल्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्यांना चारऐवजी सातला बोलावलं.