कवळीबद्दल कुणी विचारलंच नाही

आप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, जिभेवरचा पांढरा थर तीनदा गेला आणि तीनदा परत आला. चौथ्यांदा आला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडले. त्या दोन महिन्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आप्पांना मार्चमध्ये उजव्या अंगाला लकव्याचा झटका आला. दवाखान्याचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. घरी आणताना कागदांवर औषधं, मालिश, कूस बदलायच्या वेळा, सगळं लिहिलेलं होतं. तोंडाबद्दल एक ओळ होती, ‘तोंड स्वच्छ ठेवा’. कसं ठेवायचं, ते आपलं आपण शोधायचं.

पहिले पंधरा दिवस मी बोटाला कापड गुंडाळून पुसत होते. एकदा आप्पांनी चावलं. रागाने नव्हे, झटक्यानंतर जबडा कधीकधी आपोआप आवळला जातो, पण नखाखाली आठवडाभर दुखत होतं. तेव्हापासून दातांमध्ये बोट घालायचं नाही, हा आमच्या घरचा नियम झाला. लहान मुलांचा मऊ ब्रश आणा, त्याचं डोकं छोटं असतं. स्पंजच्या काड्याही मिळतात, पण चावल्यावर स्पंज सुटून घशात जाऊ शकतो, म्हणून मी घेतल्या नाहीत.

मग पांढरा थर दिसला. ओल्या गॉजने हलकेच पुसला तर सुटायचा आणि खाली लालभडक जीभ, एखाद्या ठिकाणी रक्ताचा ठिपका. दूध-पेजेचा साका नुसता पुसला जातो, त्याखालची जीभ नेहमीसारखी गुलाबी असते. हा फरक मला नंतर कळला. डॉक्टरांनी ‘फंगल आहे’ म्हणून क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं औषध दिलं. चार दिवसांत जीभ स्वच्छ झाली आणि मी शहाणी, औषध बंद केलं. दहाव्या दिवशी थर परत. दुसऱ्यांदा सांगितलेले सगळे दिवस लावलं, तरी परत.

इथून जे अडकलो ते अडकलोच. दाताच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. ग्वाल्हेरच्या लश्करमधला एक दवाखाना गाठला, पहिला मजला, लिफ्ट नाही. काउंटरवरच्या मुलाने फोनवरचा फोटो बघायलाही नकार दिला, “पेशंट को लाना पड़ेगा, मैडम.” पलंगावरून उठता न येणाऱ्या माणसाला बाड्याच्या गर्दीतून आणून जिना चढवायचा! दुसऱ्या ठिकाणी घरी यायचं म्हणाले, तारीख दिली, मी सकाळपासून खाटेजवळ स्वच्छ टॉवेल मांडून बसले, कुणी आलं नाही. फोन केला तर “मॅडम आज छुट्टी पे हैं.” तिसऱ्या ठिकाणी सव्वा तास बसवून फोटो पाहिला आणि तेच औषध पुन्हा लिहून दिलं. मी विचारलं, हे परत का येतंय? “उमर है ना,” उत्तर मिळालं. मी चिठ्ठी पर्समध्ये कोंबली आणि रिक्षात बसेपर्यंत एक शब्द बोलले नाही.

घरातल्यांचं वेगळंच चाललं होतं. आत्याबाई सांगायच्या, तोंडात तूप सोडा, मध लावा. तूप ओठांना लावायला हरकत नाही, पण गिळायला त्रास असणाऱ्याच्या तोंडात तेल-तूप सोडलं आणि श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. मध म्हणजे साखरच, बुरशीला तर मेजवानी. ह्यांनी केमिस्टकडून ग्लिसरीन आणलं. ते लावलं की दोन मिनिटं ओलसर वाटतं आणि नंतर तोंड आणखी सुकतं.

कोरडेपणाही मोठा होता, ते सांगायचं राहिलं. मे महिना, बाहेर लू, आत कूलर, आणि आप्पा तोंड उघडं टाकून झोपायचे. सकाळी तोंडात चिकट खपली असायची. ती ओरबाडायची नाही. ओला गॉज किंवा कृत्रिम लाळेचं जेल लावून दहा मिनिटं थांबायचं, मग ती आपोआप सुटते. दिवसा दर दोन तासांनी ब्रश पाण्यात बुडवून, झटकून, हिरड्या आणि गालाच्या आतून फिरवायचा. पाणी तोंडात ओतायचं नाही. डॉक्टरांना औषधांची यादीही दाखवा, लघवीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी तोंड सुकतं. आप्पांची एक गोळी त्यांनी बदलून दिली.

शेवटी चौथ्या डॉक्टर भेटल्या, शेजारच्या काकूंच्या ओळखीच्या. फोटो पाहून त्यांनी एकच विचारलं, “कवळी कुठे आहे?” मी म्हटलं, तोंडात. रात्रीसुद्धा? हो, रात्रीसुद्धा. आप्पांना कवळीशिवाय कुणासमोर राहायला आवडत नाही, बोलता येत नसलं तरी हाताने तोंड झाकतात. म्हणून आम्ही काढतच नव्हतो. “पेशंट नको, कवळी घेऊन या. आणि काढल्यावर टाळूचा फोटो काढा.”

काढायची कशी, तेही त्यांनीच सांगितलं. आधी तोंड ओलं करायचं, कारण कोरड्या टाळूला ती चिकटलेली असते. मग पुढच्या दातांना धरून हलकेच वर-खाली हलवायची, आत हवा गेली की सुटते. सुटली, आणि मी टाळूकडे बघतच राहिले. कवळीच्या कडेनुसार आखून काढावा तसा लाल डाग, त्याच्या बाहेरची कातडी एकदम साधी. आप्पा कधी तक्रार करत नव्हते, कारण हे सहसा दुखत नाही. आणि कवळीच्या आतल्या बाजूला पिवळसर, बोटाला सुळसुळणारा थर. बुरशीचं घर तिथे होतं. मी जीभ पुसत होते आणि कवळी रोज नव्याने पेरणी करत होती.

मग ठरलं ते असं. रात्री कवळी बाहेर, स्वच्छ पाण्याच्या डब्यात. दिवसातून दोनदा भांड्यांच्या साबणाने आणि वेगळ्या ब्रशने घासायची. टूथपेस्टने चरे पडतात आणि चऱ्यांत पुन्हा बुरशी बसते. घासताना खाली पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा, हातातून निसटली तर तुटत नाही. उकळतं पाणी कधीच नको, आकार बदलतो. रोज दोनदा पंधरा मिनिटं क्लोरहेक्सिडीनच्या गुळणीच्या औषधात भिजवून मग धुवायची. बरोबरीने तोंडातलं औषधही, पूर्ण दिवस. रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन चालू असेल तर आधी सांगा, बुरशीची काही औषधं त्याच्यासोबत चालत नाहीत.

टाळू निवळायला तीन आठवडे लागले. थर पुन्हा आला नाही.

आणखी एक आठवलं. लकव्याच्या बाजूच्या गालात जेवण अडकून राहतं. आप्पांच्या उजव्या गालातून दोन तासांपूर्वीच्या खिचडीचा गोळा निघायचा. जेवण झालं की आधी तो कोपरा बघायचा, मग खालचे पाच-सहा दात घासायचे. डोक्याकडची बाजू उंच, मान जरा डावीकडे, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. फेस झाला की गॉजने टिपायचा, ठसका लागला की थांबायचं.

आता रात्री मी डबा पुढे धरते, “आप्पा, कवळी.” ते आधी दाराकडे बघतात, कुणी आहे का म्हणून. मी दार लोटते, मगच तोंड उघडतात.