बोनसच्या दिवशी माझी 200 दिवसांची सरासरी बिघडली, ती नीट करताना काय काय झालं

मी लातूरला असतो, आडतीवर हिशेबाचं काम करतो, आणि रोज संध्याकाळी एनएसईची भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्या भावांची फाइल, उतरवून एक्सेलमध्ये पंधरा-वीस शेअर्सची शीट भरतो. 28 ऑक्टोबर 2024, सोमवार, वसुबारस होती, सोयाबीनची आवक लई होती त्यामुळे शीट भरायला रात्रीचे दहा वाजले. बघतो तर रिलायन्स लाल. शुक्रवारी 2655 च्या आसपास बंद झालेला शेअर सोमवारी 1334 ला, म्हणजे जवळजवळ 50 टक्के पडझड! 1:1 बोनस आहे, शेअर दुप्पट होऊन भाव निम्मा होतो, हे मला माहीत होतं, म्हणून मी म्हणलं चार दिवसांत शीट आपोआप लायनीवर येईल.

तिथंच चुकलो. 200 दिवसांच्या सरासरीत 199 जुने भाव 2900 च्या घरातले आणि एकच नवा 1334 चा, म्हणजे सरासरी तशीच 2900 च्या वर आणि शेअर तिच्यापेक्षा 54 टक्के खाली दिसणार. खरं म्हणजे जुने भाव निम्मे केले तर सरासरी साडेचौदाशेच्या आसपास येते आणि शेअर तिच्या फक्त आठेक टक्के खाली होता. दोन्ही ठिकाणी 'खाली' हाच शब्द, पण आठ आणि चोपन्न यात किती फरक हाय बघा. आणि ही घाण निघायला पूर्ण 200 ट्रेडिंग दिवस लागतात, रोज एक जुना भाव बाहेर पडतो आणि सरासरी सात-आठ रुपयांनी उतरते, कंपनीत काहीही घडलेलं नसताना. म्हणजे ती शीट ऑगस्ट 2025 च्या मध्यापर्यंत खोटंच बोलली असती.

परभणीच्या माझ्या मावसभावाला फोन केला, तो बरेच वर्षं हेच करतो. तो म्हणला, "दादा, आधी रेशो नीट वाचा, बोनस आणि स्प्लिट एकच समजू नका." बोनस 1:1 म्हणजे एकावर एक फुकट, जुना भाव भागिले 2. पण बोनस 1:2 म्हणजे दोनावर एक, दोनाचे तीन होतात, म्हणून जुना भाव गुणिले 2 भागिले 3, निम्मा नाही. स्प्लिटमध्ये फेस व्हॅल्यू बघायची, 10 ची 2 झाली तर जुना भाव भागिले 5. मग मी नवीन कॉलम केला (A मध्ये तारीख, D मध्ये बंद भाव, E मध्ये व्हॉल्यूम):

```
=IF(A2<DATE(2024,10,28),D2/2,D2)
=IF(A2<DATE(2024,10,28),E2*2,E2)
```

दुसरी ओळ मी पहिल्या वेळी टाकलीच नव्हती. भाव नीट केला, व्हॉल्यूम तसाच ठेवला, आणि पुढचे काही आठवडे शीट रोज सांगत होती की सरासरीच्या दुप्पट व्हॉल्यूम आलाय. शेअर्स दुप्पट झाले तर तेवढ्याच पैशाच्या व्यवहाराला आकडा दुप्पटच दिसणार ना. त्या व्हॉल्यूमवर विश्वास ठेवून मी एक खरेदी केली होती, ती तोट्यात सोडावी लागली, म्हणून हे एवढं आवर्जून लिहितोय.

नंतर जुना डेटा याहू फायनान्सवरून घेतला आणि त्यालाही हाच फॉर्म्युला लावला, तर जुने भाव 664 वर गेले. त्यांचा `Close` स्प्लिट-बोनससाठी आधीच अ‍ॅडजस्ट केलेला असतो आणि `Adj Close` मध्ये वरून डिव्हिडंडही वजा असतो. तेव्हापासून मी एकच तपासणी करतो, एक्स-डेटच्या, म्हणजे भाव बोनस किंवा डिव्हिडंड सोडून चालू होतो त्या दिवसाचा बदल काढतो. कच्च्या भावात उणे 50 टक्के येतं, बरोबर अ‍ॅडजस्ट केलं असेल तर अधिक अर्धा टक्का, आणि दोनदा भागलं असेल तर अधिक 101 टक्के. लगेच कळतं.

डिव्हिडंडचं मात्र मला बरेच दिवस ठरेना. वेदांतने 2022-23 या आर्थिक वर्षात शेअरमागे पाच वेळा मिळून 101.50 रुपये डिव्हिडंड दिला, प्रत्येक एक्स-डेटला भावात खड्डा पडणारच. समजा आदल्या दिवशी भाव 280 आणि डिव्हिडंड 20.50, तर मागचे सगळे भाव गुणिले 259.50 भागिले 280, म्हणजे साधारण 0.927. असे पाच खड्डे न भरता 200 दिवसांची सरासरी काढली तर ती उगाच वर राहते आणि ज्याच्या खात्यात पैसे आलेत त्याला शेअर कमजोर दिसतो. म्हणून असल्या जास्त डिव्हिडंडवाल्या शेअर्सची सरासरी आणि परतावा मी डिव्हिडंडसकट काढतो. पण सपोर्ट-रेझिस्टन्स, म्हणजे भाव जिथं अडतो त्या रेषा, बघायला फक्त स्प्लिट-बोनसचा चार्ट, कारण डिव्हिडंड काढून उरलेल्या त्या भावाला कधी कुणी सौदा केलेलाच नसतो, त्या रेषेवर कुणाची ऑर्डर अडकून बसलेली असणार?

आणि बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर आपला नियम तपासताना, "50 रुपयांच्या खालचे शेअर" असली अट अ‍ॅडजस्टेड भावावर लावू नका. आज 40 दिसणारा जुना भाव त्या काळी 400 असू शकतो, स्प्लिट नंतर झालेला असतो, म्हणजे पुढं चालून स्प्लिट करणारे, बहुतेक चांगले वाढलेले शेअर आपण नकळत आधीच निवडतो. तिथं कच्चाच भाव लागतो, म्हणून माझ्या शीटमध्ये आता दोन्ही कॉलम शेजारी-शेजारी आहेत आणि कच्चा कॉलम मी लॉक करून ठेवलाय.